इमर्जन्सी ट्रॉलीची रोजची तपासणी: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात मी इनचार्ज सिस्टर आहे. दरवर्षी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून नवी मुलं-मुली येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात ट्रॉलीचं रजिस्टर पडतं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं की सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा, खाली सही आणि वेळ. ट्रॉलीला मात्र हात लागलेला नसतो. यात त्यांचा फार दोष नाही, कारण रजिस्टरच तसं छापलेलं असतं. 'ऑक्सिजन सिलिंडर: आहे / नाही.' सिलिंडर समोर उभा दिसतो, म्हणजे आहे.

मी नवीन असताना असाच 'आहे' लिहून ठेवलेला सिलिंडर माझ्या वाट्याला आला होता. रात्रीची वेळ होती आणि पेशंटला वॉर्डातून आयसीयूमध्ये हलवायचं होतं. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा १४० वर होता. अंबू बॅगला नळी जोडली, फ्लोची गोटी वर केली, तर फुस्सकन एक आवाज आला आणि काटा शून्यावर. वॉल्व्ह बंदच होता. आदल्या दिवशी कुणीतरी तो बंद केला होता, पण एफए वॉल्व्हमध्ये अडकलेली हवा सोडून दिली नव्हती, म्हणून काटा वरच अडकला होता. सिलिंडर उघडायला किल्ली लागते आणि किल्ली ट्रॉलीवर नव्हती. शेजारच्या वॉर्डातून ती येईपर्यंत आम्ही साध्या हवेवर बॅग दाबत होतो. पेशंट वाचला. त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्या नखांचा जो रंग झाला होता, तो मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात ट्रॉली तपासणं म्हणजे प्रत्येक वस्तू आत्ता लगेच लागणार आहे असं समजून ती चालवून पाहणं. सवय झाली की पंधरा मिनिटं लागतात, पहिले काही दिवस अर्धा तास लागेल. सकाळची ओव्हर संपली की लगेच करा. डॉक्टरांचा राऊंड सुरू झाला की ते दुपारवर जातं, आणि दुपारवर गेलेलं काम त्या दिवशी होत नाही.

आधी ट्रॉलीभोवती एक फेरी

कप्पे उघडायच्या आधी ट्रॉली जागेवर आहे ना ते बघा. तिची जागा ठरलेली असते आणि तिच्यापुढे काही ठेवायचं नसतं. आमच्याकडे व्हीलचेअर नेहमी तिथेच येऊन थांबते, ती रोज हलवावी लागते. ट्रॉली ढकलून पाहा, चाकाचा ब्रेक सुटतो का, चाक अडकतं का. ती पश्चिमेच्या खिडकीशी तर आलेली नाही ना, हेही बघा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचं दुपारचं ऊन त्या काचेतून थेट औषधांच्या कप्प्यावर येतं, आणि बहुतेक अँप्यूलवर तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. अॅड्रेनलिनला तर उजेडही चालत नाही.

मग सील. आमच्या ट्रॉलीच्या औषधांच्या कप्प्यांना नंबर असलेलं प्लॅस्टिकचं लॉक लावलेलं असतं, जे हाताने पिळलं की तुटतं. कालच्या पानावरचा नंबर आणि आजच्या लॉकवरचा नंबर जुळला, तर आतल्या औषधांना कुणी हात लावलेला नाही एवढं कळतं. अशा दिवशी आतली मोजणी रोज करायची गरज नसते. ती महिन्याच्या १ तारखेला, आणि लॉक तुटेल तेव्हा तेव्हा करायची. नवीन आलेल्यांना मात्र मी पहिले पंधरा दिवस रोज लॉक तोडून सगळं मोजायला लावते. कुठलं औषध कुठल्या खणात आहे हे हाताला कळावं म्हणून. अरेस्टच्या वेळी लेबल वाचून शोधायला सवड नसते. हात आधी त्या खणापाशी पोचावा आणि मग डोळ्यांनी लेबलची खात्री करावी.

ऑक्सिजन, अंबू बॅग, लॅरिंगोस्कोप, सक्शन आणि डिफिब्रिलेटर सीलच्या बाहेर असतात. ते रोज तपासायचे. लॉक जुळलं, आता झालं, असं समजू नका.

औषधं मोजताना आकडा का आहे हेही लक्षात ठेवा

यादीत अॅड्रेनलिनपुढे १० लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून आला ते समजलं की तो आपोआप लक्षात राहतो. एका अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं आणि अरेस्टमध्ये दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम द्यावं लागतं. अर्धा तास प्रयत्न चालले, तर दर ३ मिनिटांच्या हिशेबाने दहा अँप्यूल लागतात. म्हणजे ट्रॉलीत चारच असतील, तर दहा-बारा मिनिटांनंतर कुणाला तरी फार्मसीकडे पळावं लागणार. अमिओडॅरॉनचंही तसंच. पहिला डोस ३०० मिलिग्रॅम, दुसरा १५०. आपल्याकडे येणारं अँप्यूल १५० चं असतं, म्हणून तीनपेक्षा कमी ठेवून उपयोग नाही. त्याची ड्रिप लावायची तर ५ टक्के डेक्स्ट्रोज लागतं, तेव्हा ती बाटलीही त्याच ट्रॉलीत हवी.

मोजताना अँप्यूल खणातून बाहेर काढून हातात घ्या. वरून मोजलं की हमखास चूक होते, कारण अॅड्रेनलिन आणि अॅट्रोपिन ही दोन्ही १ मिलिलीटरची बारीक अँप्यूल असतात आणि एकाच्या खणात दुसरं सहज मिसळतं. एकदा माझ्या हातात अॅड्रेनलिनच्या खणातून नऊ अॅड्रेनलिन आणि एक अॅट्रोपिन आलं होतं. मोजणी दहाच भरली होती. म्हणून हे दोन खण शेजारी ठेवत नाही. अँप्यूल उजेडात धरून रंगही बघा. अॅड्रेनलिनचं पाणी स्वच्छ असतं. गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली, तर तारीख शिल्लक असली तरी ते काढून टाका. स्पिरिटचा हात लागून काचेवरची अक्षरं पुसली गेली असतील तर तेही काढा. ज्याचं नाव वाचता येत नाही ते औषध नाही.

पोटॅशियम क्लोराईडचं अँप्यूल या ट्रॉलीत सापडलं तर लगेच बाहेर काढून इनचार्जकडे द्या. घाईत ते शिरेतून थेट गेलं तर हृदय बंद पडतं.

आता अॅट्रोपिन. नाशिकच्या वॉर्डात काम करायचं तर त्याच्याविषयी वेगळं सांगायलाच हवं. आमच्याकडे निफाड, दिंडोरी या द्राक्षाच्या पट्ट्यातून पेशंट येतात आणि घराघरांत फवारणीची औषधं असतात. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेचा पेशंट आला की अॅट्रोपिन किती लागतं ते कागदावर मांडून पाहा. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचं. पहिला डोस ३ मिलिग्रॅम धरला तर पाच अँप्यूल. पाच मिनिटांनी छातीतली घरघर कमी झाली नाही तर दुप्पट, म्हणजे दहा. पुन्हा पाच मिनिटांनी वीस. पहिल्या दहा-बारा मिनिटांत पस्तीस अँप्यूल फुटतात, आणि ट्रॉलीत असतात दहा.

गेल्या द्राक्ष हंगामातली एक सकाळ सांगते. रजिस्टरवर अॅट्रोपिन १०, लॉक तुटलेलं, खणात दोनच. रात्रीच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, साडेतीनला पेशंट वर आला, सोबत आलेलं अॅट्रोपिन संपलं, म्हणून ट्रॉलीतलं घेतलं. सकाळी इंडेंट करणारच होते." तिने घेतलं ते बरोबरच केलं, त्या वेळी तेच करायला हवं होतं. चुकलं ते पुढे. ओव्हर देताना ते सांगायचं राहिलं आणि लॉक तुटलेलं असूनही कुणी विचारलं नाही. साडेतीन ते साडेसात, चार तास वॉर्डात अॅट्रोपिन दोनच होतं. त्या वेळात कुणाचे ठोके तीसवर आले असते, तर १ मिलिग्रॅमच्या एका डोसलाच ती दोन्ही अँप्यूल फुटली असती आणि पुढच्या डोससाठी खण रिकामा.

त्यानंतर आम्ही विषबाधेसाठी वेगळा डबा केला: ५० अॅट्रोपिन, सोबत प्रॅलिडॉक्झिम. तो ट्रॉलीच्या खालच्या फळीवर असतो आणि त्यालाही तसंच नंबरचं लॉक असतं. तुमच्या वॉर्डात असा डबा नसेल तर इनचार्जना विचारा, आणि तोवर ट्रॉलीतून काही काढलं की त्याच क्षणी पांढऱ्या पट्टीवर लिहून ट्रॉलीच्या झाकणावर चिकटवा: 'अॅट्रोपिन ८ काढले, ३.४० पहाटे'. रजिस्टर नंतर भरा, पट्टी आधी.

एक्स्पायरी: सगळ्यांत जवळची तारीख शोधायची

अँप्यूलवर बहुधा नुसता महिना आणि वर्ष असतं. ११/२०२६ असं लिहिलं असेल तर ते ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालतं, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. १ नोव्हेंबरला संपतं असं नाही. नवीन मुलं आणखी एका ठिकाणी फसतात. उत्पादनाची आणि संपण्याची अशा दोन तारखा बारीक अक्षरात एकाखाली एक असतात आणि घाईत वरची वाचली जाते. ट्रॉलीला एक भिंग दोरीने बांधून ठेवलंय, ते वापरा. डोळे चांगले असले तरी वापरा.

प्रत्येक औषधाची तारीख रोज वाचत बसणं कुणालाच जमत नाही, आणि जमत नाही म्हणून सगळे खोट्या खुणा करतात. म्हणून महिन्याच्या पहिल्या मोजणीला प्रत्येक खणातली सगळ्यांत जवळची तारीख काढायची. समजा अॅड्रेनलिनच्या दहापैकी सहा ०३/२०२७ ची आणि चार ११/२०२६ ची आहेत. यादीत ११/२०२६ लिहायचं आणि ती चार खणात पुढे ठेवायची, म्हणजे आधी तीच वापरली जातील. मग सगळ्या यादीतली सगळ्यांत जवळची तारीख, समजा हायड्रोकॉर्टिसोनची ०९/२०२६, लॉकशेजारच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहायची. आता रोज वाचायची ती फक्त ही एक चिठ्ठी. ती तारीख पुढे असेल तर आतलं सगळंच पुढचं आहे.

ज्या औषधांचे तीन महिने उरलेत त्यांच्यापुढे लाल ठिपका द्या आणि फार्मसीला कळवा. कॅज्युअल्टी आणि आयसीयूमध्ये अॅड्रेनलिन रोज वापरलं जातं. आपली जुनी तिकडे देऊन त्यांची नवी घेतली की एकही अँप्यूल वाया जात नाही. आमच्या ट्रॉलीत अरेस्ट महिनोन्महिने होत नाहीत, त्यामुळे अदलाबदल केली नाही तर औषधं पडून पडूनच संपतात. ज्या महिन्यात औषध संपणार आहे त्या महिन्याच्या १ तारखेलाच ते आम्ही बाहेर काढतो. कायद्याने ते आणखी महिनाभर चालतं, पण ३० तारखेच्या रात्री कोण काढणार?

तारीख फक्त औषधांनाच असते असं नाही. ईटी ट्यूब, सक्शन कॅथेटर, डिफिबचे चिकटणारे पॅड, ईसीजीचे इलेक्ट्रोड, साखर तपासायच्या पट्ट्या या सगळ्यांवर तारीख असते आणि ती बघायची राहते. ईटी ट्यूबचं पाकीट फाटलं नाही ना तेही बघा, पण फुगा तपासायला पाकीट उघडू नका. तो वापरायच्या आधी तपासतात. इलेक्ट्रोडचं पाकीट उघडं राहिलं असेल तर जेल वाळून ते चिकटत नाहीत, तारीख काहीही असो. फ्रिजमधली औषधं, जसं सक्सिनिलकोलिन, यादीत 'फ्रिज' असं लिहून तिथे जाऊन मोजायची.

ऑक्सिजन

भिंतीतून ऑक्सिजन येत असताना ट्रॉलीला सिलिंडर कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. एक कारण, पेशंट हलवायचा असतो. दुसरं नाशिककरांना सांगायची गरज पडू नये. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पाइपलाइनमधला पुरवठा तुटला आणि ऑक्सिजनवर असलेले रुग्ण दगावले. सिलिंडर भिंतीच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

आता हात लावा. हात कोरडे हवेत. सॅनिटायझर लावला असेल तर पूर्ण वाळू द्या, आणि क्रीम किंवा तेलाचा हात वॉल्व्हला कधीच लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. सिलिंडर ट्रॉलीच्या कडीत पक्का बसलाय आणि किल्ली साखळीने बांधलेली आहे, हे आधी बघा. साखळी सिलिंडरलाच हवी, ट्रॉलीला नको, कारण पेशंटबरोबर सिलिंडर जातो आणि ट्रॉली मागे राहते.

फ्लोची चकती बंद असल्याची खात्री करा. तोंड घड्याळासमोर न ठेवता बाजूला घ्या आणि किल्लीने वॉल्व्ह अगदी हळू उघडा. काटा चढेल. तो जिथे स्थिर होईल तो आकडा खरा. आता वॉल्व्ह पुन्हा बंद करून एक मिनिट थांबा आणि काट्याकडे बघत राहा. तो खाली सरकला तर जोडातून गळती आहे, बहुतेक वेळा वॉशर झिजलेला असतो. तो बायोमेडिकलवाल्यांकडून बदलून घ्या, टेप गुंडाळू नका. काटा जागेवर राहिला तर वॉल्व्ह परत उघडून फ्लो १० लिटरवर न्या आणि काट्याकडे पुन्हा बघा. फ्लो चालू केल्यावर काटा एकदम खाली आपटत असेल, तर वॉल्व्ह अर्धवट उघडलाय किंवा आतून अडलाय.

गोटी वर आली म्हणजे पेशंटला गॅस पोचला असं नाही. नळीचं टोक गालाजवळ धरा, झोत जाणवला पाहिजे. मग नळी दुमडून धरा. ह्युमिडिफायरची बाटली लावलेली असेल तर तिचा सेफ्टी वॉल्व्ह शिट्टी घालेल. बाटली नसेल तर गोटी खाली बसेल. शिट्टी नाही, गोटीही वरच, असं झालं तर बाटलीचं झाकण सैल आहे आणि सगळा ऑक्सिजन तिथून बाहेर जातोय. ही गळती मी इतक्या वेळा पकडलीय की नवीन मुलांना ती मुद्दाम झाकण सैल करून दाखवते. तपासणीपुरती बाटली कोरडीच ठेवा. आठवडाभर साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि अंबू बॅगला बाटलीतून नेण्याची गरजही नसते.

झालं की आधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा, मग फ्लो सुरू ठेवून आत अडकलेली हवा काढून टाका. काटा शून्यावर, गोटी खाली, त्यानंतर फ्लो बंद. माझ्या त्या रात्री हीच एक पायरी राहिली होती. उभ्या असलेल्या सिलिंडरचा काटा शून्यावर असणं हीच त्याची बरोबर अवस्था आहे. वर दिसला तर समजा कुणीतरी अर्धवट काम केलंय.

आता वाचलेला आकडा मिनिटांत बदलूया. सिलिंडरच्या खांद्यावर त्याची पाण्याची क्षमता लिटरमध्ये कोरलेली असते. आपल्याकडचा बी टाइप १० लिटरचा असतो, भरल्यावर काटा साधारण १५० किलोवर येतो आणि आत १,५०० लिटर गॅस असतो. क्षमता गुणिले दाब, एवढाच हिशेब. वाचलेल्या दाबातून १० वजा करा, कारण तळाचा गॅस भरवशाचा नसतो.

एका सकाळी काटा ६० वर आला. बरोबरच्या ब्रदरने 'ठीक' लिहिलं, कारण काटा हिरव्या पट्ट्यात होता. मी म्हटलं, मिनिटं काढ. ६० वजा १० म्हणजे ५०, गुणिले १० म्हणजे ५०० लिटर. अंबू बॅगला १५ लिटरचा फ्लो लावला तर ३३ मिनिटं. मग त्याला घड्याळ देऊन रिकाम्या स्ट्रेचरबरोबर तळमजल्यावरच्या सीटी स्कॅनपर्यंत पाठवलं. लिफ्टची वाट पाहण्यासकट जायला नऊ मिनिटं, तेवढीच यायला. मध्ये स्कॅनची पंधरा-वीस मिनिटं धरा. परत येताना लिफ्टमध्येच गॅस संपला असता. म्हणून आमचा नियम १०० किलोचा: १०० वजा १०, गुणिले १०, म्हणजे ९०० लिटर, १५ च्या फ्लोला बरोबर एक तास. १०० च्या खाली आला की मामांना सांगून त्याच वेळी सिलिंडर बदलून घ्यायचा, आणि नवा आला की वरची सगळी तपासणी पुन्हा. तुमचा सिलिंडर लहान असेल तर क्षमता वाचून तुमचा आकडा काढा. घड्याळावर पीएसआय लिहिलेलं असेल तर १०० किलो म्हणजे साधारण १,४०० पीएसआय. रजिस्टरमध्ये 'आहे' ऐवजी किलो आणि मिनिटं लिहा.

हातात धरून चालवायच्या वस्तू

लॅरिंगोस्कोपचं ३ आणि ४ नंबरचं प्रत्येक ब्लेड हँडलला लावा, खट असा आवाज येईपर्यंत उघडा आणि अर्धा मिनिट उघडंच ठेवा. उजेड पांढरा आणि स्थिर हवा. पिवळट असेल किंवा बघता बघता मंद होत असेल तर सेल बदला. एक सेकंद लावून बघितलं तर मरायला आलेला सेलही चांगलाच दिसतो. हँडल हलवून पाहा. उजेड लुकलुकला तर बल्ब सैल आहे किंवा पावसाळ्यात सेलच्या स्प्रिंगवर हिरवा थर चढलाय. जादा सेल त्याच कप्प्यात हवेत.

अंबू बॅगच्या पेशंटकडच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून बॅग पिळा. ती दबली नाही पाहिजे. सहज दबत असेल तर हवा कुठून तरी निसटतेय, बहुधा धुऊन जोडताना आतला बदकाच्या चोचीसारखा रबरी वॉल्व्ह उलटा किंवा वाकडा बसलाय. लहान मुलांच्या बॅगेला दाब सोडणारी वेगळी झडप असते, ती फुसफुसली तर घाबरू नका, ती त्यासाठीच आहे. मग त्या तोंडाला हातमोजा लावून चार-पाच वेळा पंप करा: प्रत्येक दाबाला हातमोजा फुगला आणि सोडल्यावर त्यातली हवा बाहेर गेली पाहिजे. फुगून तसाच राहिला तर पेशंटचा श्वासही आतच अडकेल. रिझर्व्हॉयरची पिशवी ऑक्सिजन लावून फुगवून बघा आणि मास्कची कड दाबा. उन्हाळ्यात ती चिरते.

सक्शन सुरू करून नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा. काटा काही सेकंदांत ३०० मिलिमीटरच्या पुढे जायला हवा. गेला नाही तर बाटलीचं झाकण आणि नळीचे जोड बघा. तपासून झालं की यँकॉर टोक जागेवर आहे ना तेवढं पाहून पुढे जा. ट्यूबमधून ओढताना दाब ८० ते १२० वर आणायचा असतो, पण तोंडात उलटी साठली असेल तेव्हा पूर्ण ताकद हवी.

डिफिब्रिलेटर भिंतीतून सुटा करून तपासा. जोडलेला असताना बॅटरी मेलेली असली तरी मशीन छान चालतं, आणि नेमका कॉरिडॉरमध्ये नेला की बंद पडतो. पॅडल त्यांच्या खाचेत ठेवून मशीनच्या पुस्तिकेत जेवढे ज्यूल सांगितलेत तेवढ्यावर टेस्ट द्या. पॅडल हवेत धरून किंवा एकमेकांना लावून कधीही डिस्चार्ज करू नका. निघालेली पट्टी रजिस्टरला चिकटवा आणि तिच्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा. कोणता शॉक केव्हा दिला हे नंतर त्याच पट्टीवरून कळतं. जेलची ट्यूब दाबून थेंब काढून बघा. मग प्लग परत लावा आणि चार्जिंगचा दिवा लागेपर्यंत तिथून हलू नका. मावशी फरशी पुसताना प्लग काढतात आणि बटण बंद राहतं. त्यांना रागावून उपयोग नाही, मी त्या बटणावर लाल पट्टी चिकटवली आणि त्यांना मशीन कशाचं ते एकदा सांगितलं. तेव्हापासून त्या स्वतःहून दिवा बघतात.

सही करताना

जे मिळालं नाही ते 'नाही' लिहा. इनचार्ज रागावतील म्हणून बरोबरची खूण करू नका. मी 'नाही' वाचून कधीच रागावले नाही. 'नाही'पुढे कुणाला कळवलं आणि किती वाजता, एवढं लिहा. वस्तू लगेच मिळणार नसेल तर ती आत्ता जवळच्या कुठल्या वॉर्डात आहे ते विचारून घ्या आणि झाकणावर पट्टी लावा: 'जादा ईटी ट्यूब ७.५ सर्जिकलमधून आणायची.' पट्टी काढायची ती वस्तू खणात ठेवल्यावर.

अरेस्ट झाल्यावरचं सांगायचं राहिलं. पेशंट आयसीयूत गेला किंवा गेलाच, दोन्ही वेळा त्याच शिफ्टने ट्रॉली भरायची. थकवा असतो, नातेवाईक रडत असतात, नोट्स लिहायच्या असतात, हे सगळं मला माहीत आहे. तरी एकीने नोट्स घ्या आणि दुसरीने ट्रॉली. रिकामी अँप्यूल फेकायच्या आधी मोजा, काय संपलं ते त्यावरूनच कळतं. लॅरिंगोस्कोपचं ब्लेड धुऊन-निर्जंतुक करायला जातं आणि परत यायचं राहतं, त्याच्या जागी दुसरं ठेवा. सिलिंडरचा काटा पुन्हा वाचा. सगळं भरलं की नवं लॉक लावा, नंबर लिहा, आणि पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना तो नंबर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.